सहावीतल्या पोरीचं जन्मसाल २०००

माझी पुतणी सहावीत आहे, अकरा वर्षांची. गूगलच्या हिशेबी मात्र ती परवापर्यंत पंचविशी ओलांडलेली बाई होती. तिचं खातं उघडलं तालुक्याच्या गावच्या एका मोबाइलच्या दुकानात, वहिनीला नवा फोन घेतला त्या दिवशी. खऱ्या जन्मतारखेने खातं उघडायला गेलं की स्क्रीन पालकांची संमती मागते आणि काम अडतं. दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. जन्मसाल २००० टाकलं, खातं दोन मिनिटांत तयार झालं, पासवर्ड दुकानाच्या वहीत लिहिला गेला. घरी कोणी विचारलं नाही, कारण फोन चालू झाला होता.

आमच्या हिवरा आश्रम गावात मी ज्या घरांत विचारलं, त्यातल्या बहुतेक घरांत हीच गोष्ट निघाली. साल कुठे २०००, कुठे १९९८. आपण पोराला शाळेत घालताना जन्मदाखला दहादा तपासतो आणि त्याचं सगळं दप्तर ज्या खात्यात जाणार आहे, त्या खात्यावर खोटी तारीख टाकू देतो. ही चूक दुकानदाराइतकीच आपली आहे.

त्या एका तारखेने काय बिघडतं ते सांगतो, कारण ते मी घरात बघितलं.

नवोदयचा अर्ज भरताना पुतणीचा फोटो, तिची सही, तिच्या बापाची सही आणि आधारकार्ड असं सगळं स्कॅन करून याच खात्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलं होतं. पुढे सहावीत लोणार सरोवराचा प्रकल्प आला. पाच मुलींचा गट. सहलीला काढलेले फोटो, बेसाल्ट खडकातलं विवर, २०२० साली पाणी गुलाबी झालं तेव्हाची माहिती, त्याच वर्षी मिळालेला रामसर दर्जा, सगळं एका फोल्डरमध्ये गोळा झालं. फोल्डरचं नाव ‘शाळा’. पोरीने फोल्डर उघडला, `Share` दाबलं, `Anyone with the link` निवडलं, पुढे `Editor` केलं आणि लिंक मैत्रिणींच्या आयांच्या ग्रुपवर पाठवून दिली. ग्रुपवर साठ-सत्तर माणसं.

त्याच ‘शाळा’ फोल्डरच्या आत नवोदयचे कागद होते.

तीन आठवड्यांनी ती रडत माझ्याकडे आली. “काका, माह्या फाइली गेल्या! कोणीतरी पुसल्या.” चौतीस फोटो फोल्डरमधून गायब होते. प्रकल्पाच्या सादरीकरणात कोणीतरी तिसऱ्या पानावरचा मजकूर खोडून भलतंच लिहिलं होतं. कोणी लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण लिंकवरून खात्यात न शिरता आलेल्या माणसाचं नाव गूगल दाखवत नाही, तिथे `Anonymous` आणि पुढे एखाद्या प्राण्याचं नाव दिसतं.

फोटो मात्र गेलेले नव्हते. ड्राइव्हमध्ये दुसऱ्याच्या फाइलवर `Editor` असलेला माणूस ती फाइल फोल्डरमधून बाहेर काढू शकतो, पण कायमची नष्ट करू शकत नाही. तो हक्क फाइलच्या मालकाचाच. एका मैत्रिणीने आपल्या फोनमधली गर्दी कमी करायला म्हणून ते फोटो काढले होते. तिला वाटलं आपल्यापुरतेच जातील. अशा बेवारस झालेल्या फाइली सापडाव्यात म्हणून ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकायचं असतं:

```
is:unorganized owner:me
```

टाकलं आणि चौतीसच्या चौतीस फोटो समोर आले. सादरीकरणाचा जुना मजकूर `Version history` मधून परत आणला. पोर हसली. माझं हसू मात्र पळालं होतं, कारण तोवर आधारकार्ड माझ्या नजरेला पडलं होतं. तीन आठवडे ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला पोरीचा आधार क्रमांक आणि बापाची सही उघडून बघता येत होती.

हे तपासणं कोणालाही जमतं. मुलाने पाठवलेली लिंक कॉपी करा, क्रोममध्ये `Incognito` खिडकी उघडा, कुठल्याही खात्यात न शिरता ती लिंक तिथे टाका. फाइल उघडली तर ती साऱ्या जगाला उघडी आहे. गूगलने खात्यात शिरायला सांगितलं तर बंद आहे. एवढी एक परीक्षा आई-बापांनी शिकली तरी पुष्कळ झालं.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. माणसं घाबरून आधी खातंच उडवायला धावतात आणि पोराचं वर्षभराचं काम घालवून बसतात. आम्ही पहिल्यांदा फोल्डर `Restricted` केला, म्हणजे लिंक मेली. त्यानंतर पासवर्ड बदलला आणि खातं परत मिळवण्यासाठी लागणारा फोन नंबर पाहिला. तो वहिनीचा नव्हता, तोही बदलला. मग `takeout.google.com` वरून सगळ्या फाइली संगणकावर उतरवून घेतल्या आणि उघडून बघितल्या. हे सगळं झाल्यावर खातं बंद केलं.

खोटी तारीख दुरुस्त करून जुनंच खातं चालवता आलं असतं. खरी तारीख टाकल्यावर गूगल पालकांची देखरेख जोडायला सांगतं आणि त्यासाठी मुदत देतं. पण त्या खात्यात वहिनीच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही जात होता, भावाचे चाकणच्या खोलीवरचे फोटोही होते. आईचं, बापाचं आणि पोरीचं सामान एका पेटीत. ते वेगळं करायचंच होतं.

आता नवं खातं. वय तेराच्या आत असेल तर रस्ता एकच धरावा, गूगलचं `Family Link`. वहिनीने आपल्या फोनवर आधी स्वतःचं, स्वतःच्या नावाचं आणि खऱ्या तारखेचं खातं उघडलं. त्यावर हे ॲप घेतलं आणि त्यातून पोरीचं खातं तयार केलं. तिचं खरं नाव, खरी तारीख, आणि पासवर्ड दोघींनी बसून ठरवलेला. संमती वहिनीच्या खात्यातून दिली. भाऊ पुण्याकडे असतो, त्यालाही कुटुंबाच्या गटात घेऊन `Parent` केलं, म्हणजे एकाचा फोन बिघडला तर दुसऱ्याला परवानग्या देता येतात. पोरगी पासवर्ड विसरली तर वहिनी आपल्या फोनवरून बदलून देतात. त्यासाठी कोणाच्या दुकानात जायचं काम उरलेलं नाही.

इथे खेड्यातल्या घराला पहिली अडचण येते, आणि शहरातून आलेल्या सूचनांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच असतो. घरात फोन एकच. देखरेखीतलं मुलाचं खातं आईच्या खात्याच्या शेजारी त्याच फोनवर सुखाने नांदत नाही. फोनमध्ये `Multiple users` ची सोय असेल तर मुलासाठी वेगळा वापरकर्ता करता येतो, पण ती सोय प्रत्येक कंपनीच्या फोनात नसते. आमच्याकडे भावाचा जुना फोन कपाटात पडून होता. अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचं असेल तर असा फोन या कामाला चालतो. तो कोरा करायच्या आधी त्यातलं जुनं खातं सेटिंगमधून काढून टाका. तसंच कोरा केलात तर चालू होताना तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो आठवत नसेल तर फोन हातात असून नसल्यासारखा. आमच्या शेजारच्या घरात एक फोन असाच दोन वर्षं पडून आहे.

जुन्या फोनात सिमकार्ड घातलं नाही. संध्याकाळी वहिनी हॉटस्पॉट देतात, तेवढ्यापुरतं नेट.

आता कळीचं. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, ते लिंकचं ॲप टाकलं ना, आता मला सगळं दिसन ना?” दिसत नाही. `Family Link` कोणतं ॲप घ्यायचं त्याची परवानगी आईकडे आणतं, फोन किती वेळ चालला ते सांगतं, रात्री फोन बंद करतं. पोरीच्या ड्राइव्हमध्ये काय ठेवलं आहे आणि तिने कोणती फाइल कोणाला दिली, ते आईच्या फोनवर उमटत नाही. ॲप टाकलं म्हणजे कर्तव्य झालं असं मानणारे पालक मला रोज भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे की ज्या जागी आमचं घर उघडं पडलं, त्या जागी हे ॲप पहारा देतच नाही. तो पहारा फोल्डर कसा मांडता त्यात आहे.

आम्ही तो असा मांडला. ‘शाळा’ नावाचा फोल्डर पोरीच्या खात्यात न करता वहिनीच्या खात्यात केला. मालक आई. पोरीला तिच्या पत्त्यावर, नावाने, `Editor` म्हणून आत घेतलं. फोल्डरची सामान्य परवानगी `Restricted`. मग शेअर करण्याच्या खिडकीत वरच्या बाजूला दातेरी चाकाचं चिन्ह असतं, ते उघडलं. तिथे `Editors can change permissions and share` असं एक वाक्य आणि त्यापुढे खूण असते. ती खूण काढून टाकली. आता पोरगी फोल्डरमध्ये लिहू शकते, फाइल ठेवू शकते, पण तो फोल्डर तिसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. तो अधिकार वहिनीकडे राहिला. मैत्रिणींसोबत काम असेल तेव्हा वहिनी त्याच कामापुरता आतला एक छोटा फोल्डर त्या चार पत्त्यांना देतात. प्रकल्प संपला की चारही नावं काढतात. साठ माणसांच्या ग्रुपवर लिंक जात नाही.

या मांडणीला एक भोक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आईच्या फोल्डरमध्ये पोरीने स्वतः चढवलेली फाइल पोरीच्याच मालकीची असते. मालकाला आपली फाइल कोणालाही देता येते. म्हणजे खूण काढली तरी तिने स्वतः टाकलेला एखादा फोटो ती लिंक करून बाहेर देऊ शकते. यावर तंत्राचा उपाय माझ्याकडे नाही, नजरेचा आहे. ड्राइव्हमध्ये फाइल कोणाला दिलेली असली की नावाशेजारी दोन माणसांचं चिन्ह दिसतं. एखाद्या फाइलवर शंका आली तर संगणकावर ती निवडून उजवीकडचं `Activity` उघडायचं, कोणी कधी कोणाला परवानगी दिली ते तारखेसह तिथे लिहिलेलं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतणी आणि वहिनी दहा मिनिटं शेजारी बसून हे बघतात. पोरीच्या पाठीमागे बघायचं नाही, तिच्यासमोर बघायचं, हे आम्ही आधीच ठरवून घेतलं. चोरून बघणाऱ्या आईला पोरगी दुसरं खातं उघडून उत्तर देते, आणि त्या खात्याचं जन्मसाल पुन्हा २००० असतं.

नवोदयचे कागद या फोल्डरमध्ये परत गेलेले नाहीत. आधार, पासबुक, सही यांचं मुलाच्या ड्राइव्हमध्ये काही काम नाही. कागदांसाठी सरकारचं डिजिलॉकर आहे, २०१५ पासून. तिथून थेट मिळालेला दाखला कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो, तेव्हा स्कॅन करून जपायची गरजच राहत नाही. कोणाला आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चार आकडे दाखवणारी, बाकीचे झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. जिथे ती चालते तिथे तीच द्या.

आता जागा किती. गूगल फुकटात १५ जीबी देतं, आणि त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिन्ही आले. जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. पोरांच्या खात्यात यापेक्षा जास्त जागा विकत घेऊन देऊ नका. “जागा भरली” असा लाल पट्टा आला की बाप लगेच पैसे भरतो, कारण पोराचा अभ्यास अडेल अशी भीती वाटते. हिशेब करून बघा. वर्षाला शाळेचे सुमारे दोनशे दिवस. रोज वहीची तीन पानं स्कॅन केली, पान अर्ध्या एमबीचं धरलं, तर वर्षाचे ३०० एमबी. प्रकल्पांचे दोनशे फोटो, प्रत्येकी चार एमबी, म्हणजे ८०० एमबी. दोन्ही मिळून १.१ जीबी. सहावीपासून दहावीपर्यंत पाच वर्षांत साडेपाच जीबी. अभ्यासाला १५ जीबी पुरून उरतात.

भरतं ते व्हिडिओने. साध्या फोनवर पूर्ण एचडीतला एक मिनिटाचा व्हिडिओ १२५ एमबीच्या आसपास जातो. दोन तासांत १५ जीबी संपले. आमच्याकडे विवेकानंद आश्रमात जानेवारीच्या सुमारास तीन दिवस जन्मोत्सव असतो. शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादाला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी पंगतीत येते, आणि ते दृश्य टिपायचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. पुतणीने त्या तीन दिवसांत चाळीस मिनिटं चित्रण केलं. पाच जीबी. फोनातला बॅकअप चालू होता, त्यामुळे ते सगळं गुपचूप त्या जुन्या खात्यात चढलं. वर वहिनीच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप, तोही आता त्याच १५ जीबीत मोजतात. फेब्रुवारीत लोणारचे फोटो चढवायला गेलो तर जागा नाही. जागा संपली की नवी फाइल चढत नाही आणि मेलही येणं थांबतं. पोराच्या अभ्यासाची जागा महाप्रसादाच्या व्हिडिओने खाल्ली होती.

गूगलच्या खात्यात शिरून “या मुलाला फक्त पाच जीबी द्या” असं म्हणता येईल अशी सोय मला कुठे सापडलेली नाही. फुकटचे १५ जीबी हीच वरची भिंत. त्याखाली आम्ही घरातली रेघ ओढली, पाच जीबीची. `one.google.com/storage` या पानावर ड्राइव्ह, जीमेल, फोटो यांनी किती जागा घेतली ते वेगवेगळं दिसतं. पहिल्या रविवारच्या दहा मिनिटांतच ते बघून होतं. पाचच्या वर गेलं की `drive.google.com/drive/quota` उघडायचं. तिथे फाइली आकाराने लावलेल्या असतात, सगळ्यात मोठी वर. बहुधा वरच्या तीन-चार फाइलींतच उत्तर असतं. नको ती पुसली तरी ती `Trash` मध्ये तीस दिवस राहते आणि तोवर जागा अडवून बसते, म्हणून तिथूनही काढायची. पोरगीच काढते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तिला ठरवता आलं पाहिजे, आणि अमर्याद जागा दिली की ते शिकायची वेळच येत नाही.

फोटोंचा आपोआप चढणारा बॅकअप तिच्या फोनवर बंद ठेवला आहे. प्रकल्पाचे निवडक फोटो ती हाताने ड्राइव्हमध्ये टाकते. उत्सवाचे आणि लग्नाचे व्हिडिओ वहिनीच्या फोनवर आणि तिथून भावाच्या हार्ड डिस्कवर. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये फक्त वाय-फायवर फाइली चढवायची सोय आहे, तिच्या भरवशावर मात्र राहू नका. आईच्या हॉटस्पॉटला मुलाचा फोन वाय-फायच समजतो. दिवसाचा दीड जीबीचा डेटा दुपारीच संपला तर कारण इथे शोधा.

मालकीचा नियम जागेच्या हिशेबातही लागू आहे. फाइल ज्याच्या मालकीची, जागा त्याची जाते. मैत्रिणीने दिलेली फाइल पुतणीला दिसली तरी तिच्या १५ जीबीतून काही कमी होत नाही. वर्गाच्या ग्रुपवर आलेला गृहपाठाचा पीडीएफ वहिनी आपल्या फोनवरून ‘शाळा’ फोल्डरमध्ये टाकतात, तो वहिनीच्या जागेत मोजला जातो. त्यामुळे पुतणीच्या फोनवर व्हॉट्सॲप घ्यायची गरजही उरली नाही. त्या ॲपची स्वतःची वयाची अट तेरा वर्षांची आहे. “पण गृहपाठ तर ग्रुपवर येतो” या सबबीवर अकरा वर्षांच्या लेकरांना ते दिलं जातं. गृहपाठ एका फोल्डरमधून पोचतो. शाळांनी तो फोल्डर, फक्त बघण्याच्या परवानगीने, पालकांना दिला तर घराघरातला हा प्रश्न सुटेल. शिक्षकांचं पाच मिनिटांचं काम आहे.

कुटुंबासाठी पैसे भरून जागा घेतली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक सदस्याचे स्वतःचे १५ जीबी आधी भरतात, मग तो सामायिक साठ्यात हात घालतो. पोराचा लाल पट्टा मग येतच नाही. व्हिडिओ चढत राहतात आणि एक दिवस बापाचं मेल थांबतं. ज्या घरी अशी योजना आहे तिथे पाच जीबीची घरगुती रेघ जास्त गरजेची आहे.

तेरा वर्षं झाल्यावर गूगलचे नियम बदलतात. आपला २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र अठरा वर्षांच्या आतल्या प्रत्येकाला बालक मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई करतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. हे संरक्षण कोणाला मिळेल? ज्याचं वय खात्यात खरं लिहिलं आहे त्याला. खोट्या सालाने आपण आपल्याच लेकराला त्या कायद्याबाहेर उभं करतो. तेरा ते अठरा ही पाच वर्षं सातवी-आठवीपासून बारावीपर्यंतची आहेत, आणि सगळ्यात जास्त फाइली, फोटो आणि लिंका याच वर्षांत फिरतात. पुतणीचा तेरावा वाढदिवस दीड वर्षावर आहे. त्या दिवशी खातं उघडून कोणत्या गोष्टी तिच्या हाती द्यायच्या आणि कोणत्या दहावीपर्यंत वहिनीकडे ठेवायच्या, याची बोलणी घरात आत्ताच सुरू आहेत. पोरगी हट्टाने भांडते आणि तिचं निम्मं म्हणणं मला पटतं. मैत्रिणींना फाइल द्यायचा अधिकार तिला आधी मिळावा, असं माझं मत आहे. पत्ता लिहून नावाने द्यायला ती शिकली आहे.

परवा तिने मला स्वतः दाखवलं. पाचव्या मुलीचा पत्ता टाकताना एक अक्षर चुकलं होतं, ते तिने `Send` दाबायच्या आधी पकडलं आणि `Editor` चं `Viewer` केलं. “हिला फक्त बघायचंय, काका.”

तुमच्या घरात मुलाच्या नावाने खातं असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर `myaccount.google.com` उघडा, `Personal info` मध्ये जा आणि `Birthday` समोर कोणतं साल लिहिलं आहे ते मुलाला शेजारी बसवून वाचा.